नवा लॉट, तेच रक्त

‘तीन महिन्यांची साखर’ नावाच्या तपासणीचा रिपोर्ट हातात पडला की माणूस बाकी काही वाचत नाही, थेट आकडा शोधतो. ६.३ असला तर अजून काठावर आहोत म्हणून हायसं वाटतं. ६.६ असला तर घरात त्या दिवसापासून चहाची साखर बंद होते आणि डॉक्टर गोळीचं नाव काढतात. या तपासणीचं खरं नाव एचबीएवनसी. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा किती भाग साखरेनं ‘माखला’ आहे ते ती टक्क्यांत सांगते. अमेरिकन डायबेटिस असोसिएशननं २०१० साली आणि जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली निदानासाठी ६.५ ही रेघ मान्य केली. त्यामुळे ६.४ आणि ६.५ यांच्यामध्ये आता एक उंबरठा आहे. अलीकडचा माणूस ‘मधुमेहपूर्व’ गणला जातो आणि पलीकडचा मधुमेही.

हा आकडा बदलला की आपण कारणं माणसात शोधतो. लग्नसराई झाली, आंबे झाले, फिरणं बंद पडलं, गोळी चुकली. बहुतेक वेळा कारण तिथंच सापडतंही. पण एक कारण असं आहे की त्याचा रुग्णाशी काडीचा संबंध नसतो आणि रुग्णाला ते कधी कळतही नाही. लॅबमधला रीएजंटचा जुना डबा संपलेला असतो आणि त्या सकाळी नवा डबा मशिनला लावलेला असतो.

रीएजंट म्हणजे रक्ताशी प्रक्रिया करणारं द्रव्य. गावोगावच्या मध्यम आकाराच्या लॅबमध्ये एचबीएवनसी बहुधा प्रतिपिंडांच्या पद्धतीनं मोजतात. आधी तांबड्या पेशी फोडून हिमोग्लोबिन मोकळं करतात. मग साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं त्यात मिसळतात. या प्रक्रियेत द्रव गढूळ होतो. त्यातून प्रकाश सोडून गढूळपणा मोजला की त्यावरून टक्केवारी निघते. प्रतिपिंडं ही जैविक चीज आहे. कारखान्यात त्यांचा नवा घाण तयार झाला की तो आधीच्या घाणाशी तंतोतंत जुळेलच असं नाही. एका घाणातून भरलेल्या सगळ्या बाटल्यांवर एकच क्रमांक छापतात, त्याला लॉट नंबर म्हणतात. स्वेटर विणणाऱ्यांना हा प्रकार चांगला ठाऊक आहे. लोकरीचा एक गुंडा कमी पडला, त्याच छटेचा दुसरा आणला, पण लॉट वेगळा निघाला, तर बाहीवर फरक उठून दिसतो. रक्ताच्या आकड्यात मात्र असा पट्टा उठून दिसत नाही. तो शोधावा लागतो.

शोधायची पद्धत ऐकायला अगदी साधी आहे. जुना लॉट संपण्याआधी काही रुग्णांचे तेच नमुने दोन्ही लॉटवर लावायचे आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीचं आयएसओ १५१८९ हे मानक प्रत्येक नवा लॉट, इतकंच काय, प्रत्येक नवा माल वापरात घेण्यापूर्वी तपासायला सांगतं. आपल्याकडे एनएबीएलची मान्यता देतात ती याच मानकावर. त्यामुळे मान्यताप्राप्त लॅबमध्ये ‘लॉट व्हेरिफिकेशन’ची फाइल असतेच. फाइल असणं आणि त्या तपासणीतून काही कळणं यांत मात्र अंतर आहे. ते पडतं दोन ठिकाणी. एक, कशाचे नमुने लावले. दोन, किती फरक चालेल हे कधी आणि कशावरून ठरवलं.

पहिली गोष्ट आधी. प्रत्येक लॅब रोज सकाळी रुग्णांचे नमुने घेण्यापूर्वी ‘कंट्रोल’ लावते. ही कंपनीनं बनवलेली तयार बाटली असते, तिच्यातलं प्रमाण माहीत असतं. मशिननं तोच आकडा दाखवला की दिवस सुरू. साहजिकच टेक्निशियनला वाटतं, नवा लॉट लावला, कंट्रोल ठरलेल्या मर्यादेत आला, म्हणजे लॉट चांगला. स्वस्त, झटपट आणि रोजच्या कामात बसणारं. अनेक ठिकाणी लॉटची तपासणी इथंच संपते.

पण कंट्रोल म्हणजे रुग्णाचं रक्त नव्हे. ते महिनोन् महिने टिकावं म्हणून सुकवलेलं किंवा स्थिर केलेलं असतं. पेशी आधीच फोडलेल्या असतात आणि खराब होऊ नये म्हणून त्यात काही द्रव्यं घातलेली असतात. या सगळ्या उपचारांमुळे प्रतिपिंडं त्याच्याशी वागतात ते ताज्या रक्ताशी वागल्यासारखं वागतीलच असं नाही. एका लॉटमध्ये हे वागणं योगायोगानं सारखं असेल, पुढच्या लॉटमध्ये नसेल. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठातले ग्रेग मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या नियतकालिकात याचा मोठा हिशेब मांडला. वेगवेगळ्या तपासण्यांचे शेकडो लॉट-बदल त्यांनी पाहिले. प्रत्येक वेळी कंट्रोलचा आकडा किती सरकला आणि रुग्णांच्या नमुन्यांचा किती, याची तुलना केली. सुमारे चाळीस टक्के जोड्यांमध्ये दोघांचं सरकणं जुळत नव्हतं. नाणं उडवून निर्णय घेण्यापेक्षा हे फार बरं आहे, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

न जुळण्याचे प्रकार दोन आणि दोन्ही त्रासदायक. कंट्रोल हलत नाही पण रुग्णांचे आकडे हलतात, हा पहिला. यात लॉट बिनबोभाट पास होतो आणि चुकीचे रिपोर्ट दारातून बाहेर पडतात. दुसरा प्रकार उलटा. रुग्णांचे आकडे जिथल्या तिथं असतात आणि कंट्रोल मात्र मर्यादेबाहेर जातो. इथं घबराट उडते. चांगला लॉट परत पाठवला जातो. किंवा त्याहून वाईट म्हणजे, कंट्रोल ‘आत’ यावा म्हणून कुणीतरी मशिनमध्ये एक गुणक घालतं. कंट्रोल लगेच आत येतो, पण त्या गुणकानं आतापर्यंत बरोबर येत असलेले सगळ्या रुग्णांचे आकडे बिघडतात. अशा वेळी करायचं ते एवढंच, की रुग्णांच्या नमुन्यांवरून लॉट ठीक असल्याची खात्री करून घ्यायची आणि नव्या लॉटसाठी कंट्रोलचा अपेक्षित मध्य नव्यानं ठरवायचा. रुग्णांच्या आकड्यांना हात लावायचा नाही.

म्हणून निवाडा रुग्णांच्या नमुन्यांवरच करायचा. आता दुसरा प्रश्न, किती फरक चालेल? इथं बहुतेक लॅबच्या फाइलमध्ये ‘±१०%’ असं काहीतरी लिहिलेलं सापडतं. ग्लुकोजला दहा टक्के, थायरॉइडला दहा टक्के आणि एचबीएवनसीलाही दहाच टक्के. एचबीएवनसीसाठी हे भयंकर आहे. ६.५ चे दहा टक्के म्हणजे ०.६५. म्हणजे खऱ्या ५.९ च्या माणसाला नव्या लॉटनं ६.५ दाखवलं तरी लॉट पास.

मर्यादा ठरवायची ती डॉक्टर त्या आकड्याचं काय करतात यावरून. दोन भेटींत एचबीएवनसी अर्ध्या टक्क्यानं वाढलं, म्हणजे ७.० चं ७.५ झालं, तर बहुतेक डॉक्टर तो खरा बदल मानतात आणि औषधात फेरफार करतात. त्या अर्ध्या टक्क्यात मशिनची रोजची चढउतार आहे, रुग्णाच्या शरीरातली नैसर्गिक चढउतार आहे, दोन कॅलिब्रेशनमधला फरक आहे. लॉटला त्यातला निम्म्याहून कमीच वाटा द्यायला हवा. म्हणून निदानाच्या उंबरठ्याजवळ ०.२ हा घातक फरक धरू. याचा अर्थ असा की नवा लॉट जुन्यापेक्षा खरोखर ०.२ नं सरकलेला असेल तर तो आपल्या हातून निसटता कामा नये. हा आकडा आकाशातून पडलेला नाही आणि एकमेव बरोबरही नाही. एखादी लॅब आपल्या डॉक्टरांशी बोलून ०.३ धरेल. अट एवढीच की तो डबा उघडण्याआधी, लेखी धरलेला असावा. निकाल पाहून मर्यादा ठरवली तर ती नेहमी निकालाला पुरेल एवढीच रुंद निघते.

पण मग सरासरी फरक ०.२ च्या आत आला की पास, असं म्हणता येईल का? नाही, आणि का नाही ते जरा सावकाश पाहू. मशिननं एकच नमुना पुन्हा पुन्हा मोजला तर प्रत्येक वेळी हुबेहूब तोच आकडा येत नाही. चांगल्या चालणाऱ्या मशिनवर ६.५ च्या आसपास ही चढउतार साधारण ०.१ ची असते, असं धरू. एका नमुन्याचा जुन्या-नव्या लॉटमधला फरक काढताना दोन मोजण्या येतात, म्हणून दोघांची चढउतार मिसळून ती ०.१४ च्या घरात जाते. दहा नमुन्यांच्या फरकांची सरासरी काढली की ती दहाच्या वर्गमुळानं आटते आणि साधारण ०.०४५ उरते. आता लॉट खरोखर ०.२ नं सरकलेला आहे अशी कल्पना करा. आपल्याला दिसणारी सरासरी कधी ०.२ च्या वर येईल, कधी खाली. जवळजवळ निम्म्या वेळा खालीच येईल! म्हणजे ०.२ हीच रेघ ठेवली तर वाईट लॉट निम्म्या वेळा सुटेल. तो शंभरातल्या पंचाण्णव वेळा पकडायचा तर रेघ ०.२ च्या बरीच अलीकडे ओढावी लागते. ०.०४५ ला १.६५ नं गुणून ते ०.२ मधून वजा केलं की रेघ येते सुमारे ०.१२ वर.

तेव्हा आकडे दोन आहेत. घातक फरक ०.२ आणि नाकारण्याची रेघ ०.१२. दुसरा आकडा पहिल्यातून, मशिनच्या चढउतारीतून आणि नमुन्यांच्या संख्येतून निघतो. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१३ साली काढलेल्या ‘ईपी२६’ मार्गदर्शिकेचा गाभा हाच आहे, तिथली कोष्टकं कितीही किचकट दिसोत.

आणि याच हिशेबातून नमुने किती घ्यायचे याचंही उत्तर मिळतं. दहाऐवजी पाचच घेतले तर सरासरी जास्त डळमळते, म्हणून रेघ आणखी अलीकडे, ०.१० च्याही आत ओढावी लागते. तेवढ्या अरुंद रेघेवर जराही न सरकलेला, निर्दोष लॉटसुद्धा साधारण आठांतून एकदा निव्वळ योगायोगानं नापास होईल. दहा नमुन्यांवर हीच शक्यता दोनशेत एकाच्या आसपास येते. म्हणजे पाच नमुने वाचवून लॅब वर्षातून एक-दोनदा चांगला डबा परत पाठवते, कंपनीशी भांडते आणि पुन्हा सगळं लावते. उलट ज्या तपासणीत घातक फरक मोठा आणि मशिनची चढउतार त्याच्या मानानं अगदी लहान, तिथं तीन-चार नमुन्यांवरही काम भागतं. ‘प्रत्येक तपासणीला पाच नमुने’ हा सरसकट नियम म्हणूनच कुठं उधळपट्टी ठरतो, कुठं डोळ्यांत धूळ.

आता प्रत्यक्ष काम. जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीतलं रक्त फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर आठवडाभर एचबीएवनसीसाठी चांगलं राहतं, त्यामुळे रोजच्या तपासून झालेल्या नळ्यांतूनच नमुने निवडता येतात. कुणाला पुन्हा सुई टोचायची गरज नाही. निवड मात्र डोळसपणे करायची. नळ्यांच्या स्टँडमधून पहिले दहा उचलले तर सात जण साडेआठ-नऊचे निघतील आणि उंबरठ्याजवळ कुणीच नसेल. दोन-तीन नमुने पाचच्या आसपासचे, चार-पाच ५.७ ते ७ या पट्ट्यातले, एखादा आठचा आणि एक दहा-अकराचा, अशी वाटणी बरी. गडचिरोली, नंदुरबार भागातल्या लॅबनी सिकलसेल असलेल्यांचे नमुने या दहांत घेऊ नयेत. त्यांच्या तांबड्या पेशींचं आयुष्यच कमी असल्यानं एचबीएवनसी मुळात भरवशाचं नसतं, आणि तो वेगळा विषय आहे.

नव्या लॉटचं कॅलिब्रेशन आधी करायचं. जुन्याचं महिन्यापूर्वी झालं असेल तर तेही पुन्हा केलेलं बरं, नाहीतर दिसणारा फरक लॉटचा की शिळ्या कॅलिब्रेशनचा हे कळणार नाही. कॅलिब्रेटरचा लॉटही त्याच दिवशी बदलू नये, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की दोषी कोण ते सापडत नाही. दोन्ही लॉटवर कंट्रोल लावायचे, मग दहा नमुने नीट हलवून जुन्या लॉटवर, लगेच तेच नव्यावर. नीट हलवणं म्हणजे नळी आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करणं. फ्रिजमध्ये उभ्या राहिलेल्या नळीत पेशी तळाशी बसलेल्या असतात. सगळं एकाच मशिनवर, दोन-तीन तासांच्या आत. रिपोर्टवर एकच दशांश छापतात, पण या कामासाठी मशिनमधून दोन दशांशांचे आकडे घ्यायचे. नाहीतर ६.३४ आणि ६.३६ यांच्यातला ०.०२ चा फरक कागदावर ०.१ होऊन बसतो.

समजावण्यापुरते काही आकडे घेऊ. समजा, खालच्या पातळीचा कंट्रोल जुन्या लॉटवर ५.४०, नव्यावर ५.४२. वरच्या पातळीचा जुन्यावर १०.२०, नव्यावर १०.१५. कंट्रोलपुरतं पाहिलं तर लॉट झकास. आता रुग्ण. ५.१२ चे ५.२६ झाले. ६.२८ चे ६.४९. ६.३४ चे ६.५८. १०.८६ चे ११.०७. उरलेले सहाही याच तऱ्हेचे. दहाच्या दहा नमुने वरच गेले, सर्वांत कमी ०.१२ नं, सर्वांत जास्त ०.२६ नं, आणि सरासरी निघाली ०.१९. आपली रेघ ०.१२ होती. लॉट नापास.

इथं टेबलाभोवती काय बोलणं होतं त्याची कल्पना करणं अवघड नाही. “मॅडम, ०.१९ म्हणजे ०.२ च्या आतच की,” टेक्निशियन म्हणतो. “आणि दोन्ही लॉटचा को-रिलेशन ०.९९९ आहे, बघा.” दोन्ही मुद्दे फसवे आहेत. पहिल्याचं उत्तर वर आलंच. दहा नमुन्यांवर ०.१९ दिसलं म्हणजे खरा फरक ०.२ किंवा त्याहून जास्त असण्याची शक्यता अजून जिवंत आहे. दुसरा मुद्दा जास्त चिवट आहे, कारण कंपनीचा माणूसही लॅपटॉपवर तोच आलेख दाखवतो. सहसंबंध फक्त एवढंच सांगतो की जो जुन्या लॉटवर वर होता तो नव्यावरही वर आहे. सगळ्या दहा आकड्यांत सरसकट पूर्ण एक टक्का मिळवला तरी तो ०.९९९ च राहील! पाच ते अकरा असा मोठा पल्ला घेतला की तो सुंदर येणारच. लॉट सरकला की नाही याबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. त्यासाठी प्रत्येक नमुन्याचा फरक नावानिशी पाहावा लागतो.

आणि नुसती सरासरी पाहूनही भागत नाही. समजा सरासरी ०.०५ आली, पण पाचच्या आसपासचे नमुने ०.१५ नं खाली गेलेत आणि नऊ-दहाचे ०.३ नं वर. सरासरीत दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून खालचा, मधला आणि वरचा पट्टा वेगळा पाहायचा. वरच्या पट्ट्यात जरा सैल रेघ चालते, कारण ११.० आणि ११.३ यांवर डॉक्टर वेगळं काही करत नाहीत. कधी नऊ नमुने जागच्या जागी असतात आणि एकच ०.६ नं उडालेला असतो. त्यासाठी लॉटला दोष देण्याआधी त्या नळीकडे पाहायचं. तळाशी बारीक गुठळी असेल, रक्त कमी असेल, नळी हलवायची राहिली असेल. तो नमुना दोन्ही लॉटवर पुन्हा लावायचा. पुन्हाही तेवढाच उडाला तर मात्र तो बाजूला टाकून बाकीच्यांची सरासरी काढू नये. त्या रक्तातल्या कशाशी तरी नव्या लॉटचं वेगळं नातं आहे, आणि असे रुग्ण उद्याही येणार आहेत.

नापास झाल्यावर लगेच डबा परत पाठवत नाहीत. आधी नवा लॉट पुन्हा कॅलिब्रेट करून तेच नमुने पुन्हा लावतात. त्याच लॉटची दुसरी बाटली उघडून पाहतात, कारण कधी दोष लॉटचा नसून त्या बाटलीचा असतो. मे महिन्यात कुरिअरच्या थर्मोकोलच्या खोक्यात जेलपॅक वितळून कोमट झालेले असतात आणि खोकं दुपारभर गोडाउनच्या दारात पडून राहिलेलं असतं. प्रतिपिंडांना ही उष्णता सोसत नाही. मानक ‘नवा लॉट’बरोबर ‘नवा माल’ही तपासा म्हणतं ते याचसाठी. लॉट नंबर तोच असला तरी दुसरं खोकं वेगळ्या वाटेनं आलेलं असतं. मात्र तिथं दहा नमुन्यांची गरज नसते. लॉट एकदा पारखलेला असल्यानं रीएजंट बिघडलं की नाही एवढंच पाहायचं असतं, आणि ते कंट्रोल आणि दोन-तीन नमुन्यांवर दिसतं.

एवढं करूनही फरक कायम राहिला तर कंपनीला आकड्यांचा तक्ता पाठवून दुसरा लॉट मागायचा आणि तोवर जुन्यावर चालवायचं. अडचण इथंच येते, कारण जुना तोवर उरलेला हवा ना! बहुतेक ठिकाणी ही तपासणी होते ती जुन्या लॉटच्या शेवटच्या दहा-वीस टेस्ट उरल्यावर, आणि तेव्हा नापास म्हणायची कुणाची हिंमत नसते. बाहेर रुग्ण बसलेले असतात. नापास म्हणण्याची सोय ठेवायची तर जुना लॉट किमान दहा-पंधरा दिवस पुरेल इतका शिल्लक असतानाच नवा तपासायला हवा. संपूनच गेला असेल तर शेवटची वाट म्हणजे गेल्या चार-पाच दिवसांत जुन्या लॉटवर मोजून फ्रिजमध्ये ठेवलेल्या नळ्या नव्या लॉटवर लावणं. ही तुलना लंगडी असते, कारण दिवस बदललेला असतो. पण नुसत्या कंट्रोलवर विसंबण्यापेक्षा केव्हाही बरी.

खर्चाची बाजू झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दहा नमुने दोन लॉटवर म्हणजे वीस टेस्ट, वर दोन कॅलिब्रेशन आणि कंट्रोल. शंभर टेस्टच्या किटमध्ये हा वाटा बोचतो. मोठ्या साखळी लॅब कंपनीशी करार करून एकच लॉट वर्षभराचा राखून घेतात, त्यांना हा खटाटोप वर्षातून एक-दोनदाच पडतो. तालुक्याच्या लॅबला डीलर जे पाठवेल ते येतं, आणि दर महिन्याला नवा नंबर. अशा लॅबनं निदान ऑर्डर देताना दूरच्या मुदतीचा आणि एकाच लॉटचा तीन महिन्यांचा माल मागावा. डीलरला ते जमतं, पण मागितल्याशिवाय तो देत नाही. खरं तर हा भार कंपन्यांनी उचलायला हवा. लॉट कारखान्यातून निघतानाच ताज्या रक्तावर आधीच्या लॉटशी किती जुळला ते आकडे डब्यासोबत का देऊ नयेत?

सगळं नीट केलं तरी या पद्धतीत एक भोक राहतं. आपण नव्याला नेहमी जुन्याशी ताडतो. समजा हा लॉट ०.०८ नं वर गेला. पास. पुढचा याच्याहून ०.०८ नं वर. पास. तिसराही तसाच. तीन लॉटनंतर आकडा सुमारे पाव टक्का सरकलेला असतो आणि प्रत्येक तपासणीवर रीतसर सही असते. अमेरिकेत मेयो क्लिनिक आणि व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळांनी २०१३ साली नेमका असा अनुभव प्रसिद्ध केला. तपासणी होती आयजीएफ-१ या वाढीशी संबंधित संप्रेरकाची. लॉटमागून लॉट नेहमीच्या तपासणीतून पास होत गेले आणि आकडे मात्र वर सरकत राहिले. लक्षणांशी न जुळणारे रिपोर्ट पाहून आधी शंका आली ती डॉक्टरांना.

हे भोक बुजवायला वेगळी साधनं लागतात. एक म्हणजे बाहेरून येणारे नमुने. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज देशभरातल्या लॅबना असे नमुने पाठवतं आणि कोण किती सरकलंय ते कळवतं. जुना की नवा, बरोबर कोण, या प्रश्नाचं उत्तर दोन लॉटच्या तुलनेतून कधीच मिळत नाही, ते इथून मिळू शकतं. एचबीएवनसीच्या बाबतीत तर एनजीएसपी या कार्यक्रमानं अख्ख्या जगाचे आकडे १९९३ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या डीसीसीटी या मोठ्या मधुमेह-अभ्यासाच्या मोजणीला बांधून ठेवले आहेत, त्यामुळे ताडून पाहायला पक्का खुंटा आहे. दुसरं साधन लॅबच्या स्वतःच्या संगणकातच असतं. दर महिन्याच्या सगळ्या एचबीएवनसी रिपोर्टांचा मध्यांक काढायचा आणि ६.५ किंवा त्याहून वर किती टक्के गेले ते मोजायचं. गावातली माणसं दोन महिन्यांत एकदम बदलत नाहीत. लॉट बदललेल्या तारखेपासून ही टक्केवारी अचानक चढली आणि तशीच राहिली, तर फाइलमध्ये काहीही लिहिलेलं असो, डबा पुन्हा उघडून पाहायला हवा. मात्र लॅबनं त्याच महिन्यात कुठं मधुमेह शिबिर घेतलं असेल तर आधी ते रिपोर्ट वगळायचे.

रिपोर्टवर लॉट नंबर छापत नाहीत, पण कोणत्या तारखेला कोणता लॉट मशिनवर होता याची नोंद लॅबमध्ये असते. तीन महिन्यांत काहीही वावगं न करता ६.२ चे ६.५ झालेल्या माणसानं ती विचारली तर त्यात गैर काही नाही. शिवाय लक्षणं नसताना केवळ एका रिपोर्टवर मधुमेहाचं निदान करू नये, दुसऱ्या तपासणीनं ते पक्कं करावं, असं अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही सांगते. ती दुसरी तपासणी एचबीएवनसीच असायला हवी असं नाही. उपाशीपोटीच्या साखरेची तपासणीही चालते, आणि तिचं रीएजंट वेगळं, लॉटही वेगळा.